डाउनलोड केलेली गाणी आंबा घाटात गेल्यावर गप्प का होतात?

कोल्हापुरात शाहूपुरीत माझं मोबाइल ॲक्सेसरीचं छोटं दुकान आहे. कव्हर, चार्जर, काचा असा माल. पण समोर रत्नागिरीकडं जाणारे टेम्पोवाले चहाला थांबतात, त्यामुळं आठवड्यातून दोनतीनदा एकच तक्रार काउंटरवर येते. गाणी डाउनलोड केली होती, घरी वाजत होती, मलकापूर सोडून आंब्याकडं वर चढलो आणि बंद पडली. गगनबावड्याला जाणारे हेच सांगतात, राधानगरी-दाजीपूरवाले हेच सांगतात. फोन वेगळे, ॲप वेगळी, तक्रार तीच. कारणं मोजकीच आहेत, आणि ती कोणत्या क्रमानं तपासायची हे आता मला पाठ झालंय.

आधी तुमची तक्रार नेमकी कोणती, ते बघा.

- यादी दिसते, पण काही गाण्यांची नावं फिकी पडलेली असतात आणि दाबली तर काहीच होत नाही.
- गाणं नुसतं गोल गोल फिरत राहतं. नेटवर्क पूर्ण गेलं की मात्र तेच गाणं वाजतं.
- काल होती ती सगळीच्या सगळी गाणी आज डाउनलोड झालेली दिसत नाहीत.
- डाउनलोड सुरू होतं, पण ‘थांबलंय’, ‘वाट बघतोय’ अशा अर्थाचा शब्द दाखवून तिथंच अडकतं.

पहिल्या दोन तक्रारींना बहुतेक वेळा खर्च शून्य आणि वेळ पाच मिनिटं. तिसरीला पैशाचं किंवा अकाउंटचं कारण निघतं. चौथीला फोन तपासावा लागतो.

घरातच घाट करून बघा

सगळ्यात आधी हे करा, कारण यानंच निम्मा उलगडा होतो. घरी बसून एअरप्लेन मोड लावा. वायफाय वेगळं चालू राहिलं असेल तर तेही बंद करा. ॲप पूर्ण बंद करून, म्हणजे अलीकडच्या ॲपच्या यादीतून सरकवून टाकून, पुन्हा उघडा. आता यादीतलं पहिलं गाणं लावा, मधलं एक लावा आणि शेवटची चारपाच लावा. शेवटची मुद्दाम सांगतोय, त्याचं कारण पुढं येईलच.

हे करायचं कशाला? नेट चालू असताना वाजणारं गाणं फोनमधून येतंय की नेटवरून, हे कानाला कळत नाही. घरात सगळं वाजतं म्हणून माणूस निर्धास्त निघतो, आणि खरं काय ते घाटात कळतं.

एअरप्लेन मोडमध्ये सगळं नीट वाजलं आणि तरी रस्त्यात अडकत असेल, तर दोष डाउनलोडचा नाही, अर्धवट नेटवर्कचा आहे. टॉवरची एकच कांडी असते तेव्हा ॲपला वाटतं नेट आहे. ते नेटवर काहीतरी मागत बसतं आणि उत्तर येईपर्यंत तुमच्यासमोर गोल फिरतो. नेट अजिबात नसलेलं परवडतं, पण ही एक कांडी नको. उपाय सोपा आहे. ॲपच्या सेटिंगमध्ये ऑफलाइन मोड असेल तर निघायच्या आधी तो चालू करा. नसेल तर ॲपचा मोबाइल डेटा तेवढा बंद करा. फोन यायचे राहिले तरी चालणार असतील तर सरळ एअरप्लेन मोड लावा आणि गाडीच्या टेपसाठी ब्लूटूथ परत चालू करा, ते त्या मोडमध्येही चालतं.

यादी डाउनलोड झाली म्हणजे गाणी झाली असं नाही

आता आमच्या गल्लीतल्या तात्यांची गोष्ट सांगतो, कारण निम्म्याहून जास्त लोकांचं दुखणं तेच असतं. तात्या मार्केट यार्डातून गुळाचा टेम्पो भरून पहाटे रत्नागिरीला निघतात. एक दिवस परत आले ते फोन काउंटरवर आपटूनच.

“आरं मर्दा, पैसे भरल्यात, गाणी उतरवल्यात, आणि आंब्यात गेलं की ह्याचं तोंड बंद!”

मी एअरप्लेन मोड लावला. तात्यांच्या यादीत 146 गाणी होती. वरची सगळी वाजली. खाली खाली गेलो तशी नावं फिकी. मोजली तर वाजणारी 58 आणि फिकी 88. यादीच्या माथ्यावर मात्र डाउनलोडचं बटण चालूच दिसत होतं, आणि तात्यांचा भरवसा त्या बटणावर होता.

झालं होतं असं. दिवाळीत पुतण्या घरी आला होता. त्यानं त्याच्या फोनचा हॉटस्पॉट देऊन यादी बनवली आणि बटण दाबून दिलं. ती 58 गाणी उतरली. त्यानंतर तात्या चहाच्या टपरीवर बसून, कुणी काही ऐकवलं की ते यादीत घालत गेले. बटण चालू असल्यामुळं ॲप नवं गाणंही उतरवायला घेतं, हे खरं. पण बहुतेक ॲपमध्ये डाउनलोड फक्त वायफायवर करायचं अशी सेटिंग आधीपासूनच असते, तुमचा डेटा उडू नये म्हणून. तात्यांच्या घरी वायफाय नाही. म्हणून दिवाळीनंतरची 88 गाणी महिनोन्‌महिने वायफायची वाट बघत बसली होती. नवं गाणं यादीच्या तळाला जातं, म्हणूनच शेवटची चारपाच तपासा म्हणालो.

तेव्हा यादीच्या माथ्यावरचं चिन्ह बघू नका, प्रत्येक गाण्याशेजारचं बघा. स्पॉटिफायमध्ये गाण्याच्या नावाजवळ छोटा हिरवा बाण येतो. दुसऱ्या ॲपमध्ये टिकमार्क किंवा खाली जाणारा बाण असतो. ते चिन्ह नाही तर गाणं फोनमध्ये नाही.

इथं दोन मार्ग आहेत. एक, मोबाइल डेटावर डाउनलोड करायची परवानगी सेटिंगमध्ये तात्पुरती द्या. दोन, कुणाचा तरी हॉटस्पॉट घ्या. आपल्या फोनच्या लेखी दुसऱ्याचा हॉटस्पॉट म्हणजे वायफायच. पहिला मार्ग घेणार असाल तर डाउनलोडचा दर्जा आधी बघा, कारण सगळा डेटा तिथं जातो. दर्जा केबीपीएसमध्ये मोजतात, आकडा मोठा तसा दर्जा वरचा. हिशेब असा: 160 केबीपीएसला एका मिनिटाला साधारण 1.2 एमबी लागतात, म्हणजे पाच मिनिटांच्या गाण्याला 6 एमबी. 320 केबीपीएसला बरोबर दुप्पट, 12 एमबी. तात्यांच्या फोनवर सगळ्यात वरचा, म्हणजे 320 चा दर्जा लावलेला होता. त्या हिशेबानं 88 गाण्यांना हजार एमबीच्या वर लागले असते, आणि तात्यांचा रोजचा डेटा दीड जीबी. दर्जा एक पायरी खाली आणला, काम सव्वापाचशे एमबीत झालं. टेम्पोच्या टेपवर, इंजिनच्या आवाजात, या दोन दर्जांतला फरक ऐकू येतो म्हणणारा माणूस मला अजून भेटायचाय. दर्जा बदलायचा तो डाउनलोड सुरू करण्याआधी, कारण आधीची गाणी नव्या दर्जात हवी असतील तर काढून पुन्हा घ्यावी लागतात.

डाउनलोड चालू असताना फोन चार्जरला लावा आणि ॲप समोर उघडं ठेवा. तात्यांना मी तेवढा वेळ स्टुलावर बसवून ठेवलं, दोन चहा झाले.

यादी तुमची आहे का?

तात्यांची गाणी झाली, पण दुसऱ्या आठवड्यात त्यांचे सोबती आले. यांची यादी पूर्ण उतरलेली, हिरवे बाण सगळीकडं. तक्रार अशी की, गेल्या खेपेला होतं ते आवडीचं गाणं या खेपेला गायब.

ही यादी त्यांनी बनवलेलीच नव्हती. ॲपनं तयार ठेवलेली यादी त्यांनी उतरवली होती. अशा याद्या ॲपवाले बदलत असतात. जुनी गाणी काढतात, नवी घालतात. तुमचा फोन नेटवर आला की तुमच्याकडची प्रतही तशीच बदलते. वगळलेलं गाणं फोनमधून जातं आणि नवं आलेलं वायफायची वाट बघत बसतं. मित्रानं पाठवलेल्या यादीचंही असंच आहे. त्यानं तिकडं गाणं काढलं की तुमच्याकडूनही गेलं.

यावर उपाय एकच, स्वतःची यादी. त्या तयार यादीच्या तीन टिंबांवर दाबा, ‘दुसऱ्या यादीत घाला’ अशा अर्थाचा पर्याय घ्या, नवी यादी बनवा, तिला नाव द्या आणि ती डाउनलोड करा. आता तुमच्याशिवाय तिच्यात कुणी हात घालणार नाही. मी प्रवासाची यादी वेगळीच ठेवायला सांगतो. रोजच्या यादीत गाणी येत-जात राहतात, घाटाची यादी मात्र निघायच्या आदल्या दिवशी एकदा बघून घेतली की झालं. काही ॲप यादी वाजवताना मधेमधे स्वतःच्या पसंतीची गाणीही घुसवतात. ती डाउनलोड झालेली नसतात, त्यामुळं घाटात तिथंच थांबायला होतं. ते बंद करून ठेवा.

आपल्याच यादीतलं एखाददुसरं गाणं नेट असतानाही फिकं दिसलं, तर ते ॲपकडूनच गेलेलं असतं. कंपन्यांचे गाण्यांचे करार संपतात. 2023 च्या मार्चमध्ये झी म्युझिक आणि स्पॉटिफायचा करार पुढं सरकला नाही, तेव्हा कितीतरी लोकांच्या याद्यांत एका दिवसात भगदाडं पडली होती. अशा गाण्यासाठी फोन झटापटीत खराब करू नका. तेच गाणं दुसऱ्या संग्रहात शोधा, कधीकधी सापडतं. नाही सापडलं तर ते आत्ता त्या ॲपवर नाही, एवढंच.

सगळंच गेलं असेल तर

इथं फोनकडं नंतर बघा, आधी तीन गोष्टी विचारा.

पहिली, प्लॅन चालू आहे का? संगीत डाउनलोड करायला बहुतेक ठिकाणी पैसे भरावे लागतात, आणि प्लॅन संपला की उतरलेल्या गाण्यांना कुलूप लागतं. स्पॉटिफायवर फुकटच्या खात्यातही पॉडकास्ट डाउनलोड करता येतात, गाणी नाही. त्यामुळं ‘पॉडकास्ट वाजतंय, गाणी वाजत नाहीत’ असं कुणी म्हणालं की मी थेट प्लॅन उघडून बघतो. बऱ्याचदा ऑटोपेच्या दिवशी खात्यात पैसे नसतात, हप्ता फसतो आणि माणसाला पत्ता नसतो. कापायच्या किमान 24 तास आधी बँकेचा मेसेज येतो. पण इतर मेसेजांच्या ढिगात तो कोण बघतो.

दुसरी, ॲप शेवटचं नेटवर कधी उघडलं होतं? स्पॉटिफायचा नियम आहे की 30 दिवसांत एकदा तरी ऑनलाइन यावं लागतं. इतर ॲपमध्येही अशीच मुदत असते. डाउनलोड म्हणजे विकत घेतलेली कॅसेट नव्हे. ती भाड्याची खोली आहे, मालकाला मधूनमधून तोंड दाखवावं लागतं. जे लोक गाडीत जुना फोन फक्त गाण्यांसाठी ठेवतात आणि त्यात सिम नसतं, ते नेमके यात सापडतात. दर पंधरवड्याला त्या फोनला हॉटस्पॉट दाखवून ॲप दोन मिनिटं उघडं ठेवा. फोनची तारीख-वेळही आपोआप लागणाऱ्या सेटिंगवर हवी. बॅटरी उतरून जुन्या फोनची तारीख मागंपुढं झाली की ॲपचा मुदतीचा हिशेब चुकतो.

तिसरी, तुमचं खातं अजून कुणाच्या फोनवर आहे? किती फोनवर डाउनलोड ठेवता येतील, याला प्लॅनप्रमाणं मर्यादा असते. ती ओलांडली की नव्या फोनवर गाणी उतरतात आणि आधीच्या एखाद्या फोनवरची निघून जातात. पोराला पासवर्ड देणारे वडील इथं हमखास फसतात. खातं उघडून जिथं वापर नाही तिथून बाहेर पडा.

डाउनलोड अडकत असेल तर

आता फोन. किती जागा शिल्लक आहे बघा. एक जीबीच्या खाली आली असेल तर आधी व्हॉट्सॲपमधले व्हिडिओ उडवा, सुप्रभातचे तर नक्कीच. जागा भरत आली की डाउनलोड मधेच थांबतं आणि कित्येकदा कारणही सांगत नाही.

जागा आहे आणि तरी स्क्रीन बंद झाली की डाउनलोड थांबतं, असं असेल तर बॅटरी वाचवणारी सेटिंग त्या ॲपला मागच्या मागं बंद करते. ॲपच्या चिन्हावर बोट दाबून धरा, ॲपच्या माहितीत जा, बॅटरीत ‘अनिर्बंध’ किंवा तशा अर्थाचा पर्याय निवडा. फोन ‘साफ’ करणारी ॲप असतील तर ती काढून टाका.

साफसफाईचंच एक सांगतो. ॲपच्या माहितीत दोन बटणं शेजारी असतात. कॅशे साफ करायचं बटण त्या मानानं निरुपद्रवी आहे. डेटा किंवा स्टोरेज साफ करायचं बटण मात्र सगळी डाउनलोड झालेली गाणी घेऊन जातं. घाईत बोट दुसऱ्यावर पडतं.

मेमरी कार्ड असेल तर गाणी कुठं उतरतात तेही बघा. खडबडीत रस्त्यावर ढिलं कार्ड क्षणभर सुटलं तरी ॲपला गाणी सापडेनाशी होतात. मी फोनमध्येच ठेवा म्हणून सांगतो. कार्ड काढून गाडीच्या टेपला किंवा दुसऱ्या फोनला लावायचा विचारही सोडा. या फायली कुलूपबंद असतात, त्या ॲपशिवाय कुणालाच वाचता येत नाहीत. “पेन ड्राइव्हवर टाकून दे की” असं मला रोज कुणीतरी म्हणतं. ते होत नाही.

एवढं करूनही अडलं तर शेवटचा उपाय, ॲप काढून पुन्हा टाकणं. हा शेवटी का? कारण त्यानं सगळी गाणी जातात आणि पुन्हा उतरवावी लागतात. यादी मात्र जात नाही, ती खात्यावर असते. म्हणून काढायच्या आधी बघून कागदावर लिहा की खातं कशानं उघडलंय, मोबाइल नंबरनं, जीमेलनं की आणखी कशानं. माझ्याकडं एक मावशी आल्या होत्या, रडवेल्या झालेल्या. त्यांचं अर्धं ऐकलेलं ऑडिओबुक आणि सगळ्या याद्या ‘उडाल्या’ होत्या. उडालं काहीच नव्हतं. आधीचं खातं नंबरवर होतं आणि पुन्हा टाकताना त्यांनी जीमेलनं नवं उघडलं होतं. बाहेर पडून नंबर टाकला, पुस्तक होतं त्याच प्रकरणावर उघडलं. हा उद्योग प्रवासाच्या आदल्या रात्री करू नका. लाइट गेली आणि वायफाय बंद पडलं की सकाळी रिकामा फोन घेऊन निघावं लागतं.

पॉडकास्ट आणि ऑडिओबुकवाल्यांना वेगळं एवढंच. काही ॲप ऐकून झालेला भाग आपोआप काढून टाकतात, परत ऐकायचा असेल तर ती सेटिंग बंद करा. पुस्तकाचं शेवटचं प्रकरण एअरप्लेन मोडमध्ये लावून बघा, कारण अर्धवट उतरलेलं पुस्तक सुरुवातीला झकास वाजतं.

कुठं थांबायचं

पैसे कापले गेलेत आणि प्लॅन चालू दिसत नाही, तर पुढं काही करू नका, पुन्हा पैसेही भरू नका. यूपीआय ॲपमधून व्यवहार क्रमांक घ्या आणि त्या ॲपच्या आतल्या मदत विभागातूनच तक्रार करा. गुगलवर कस्टमर केअरचा नंबर शोधू नका, तिथं भामटे बसलेले असतात. कुणी ओटीपी मागितला किंवा स्क्रीन दाखवणारं ॲप टाकायला लावलं तर फोन ठेवून द्या. पैसे गेलेच तर लगेच 1930 ला फोन लावा.

मेमरी कार्ड लावल्यावर फोन फॉरमॅट करू का विचारत असेल, किंवा गाण्यांबरोबर फोटोही उघडेनासे झाले असतील, तर ‘हो’ दाबू नका. कार्ड काढून बाजूला ठेवा आणि डेटा परत मिळवून देणाऱ्या माणसाकडं न्या. फॉरमॅट केल्यावर माझ्याकडं आणून उपयोग नाही.

फोन स्वतःहून बंद-चालू होतोय, दुसरी ॲपही डाउनलोड अर्धवट सोडतायत, जागा असून ‘जागा नाही’ म्हणतोय, तर ते गाण्याचं दुखणं नाही. सर्व्हिस सेंटरला दाखवा. आणि कुणी फुकटात सगळं चालू करून देणारी ॲपची फाइल व्हॉट्सॲपवर पाठवली तर ती टाकू नका. तसली फाइल टाकून बसलेला फोन आणला तर मी हात लावत नाही, त्यात अजून काय काय शिरलंय हे मला बाहेरून दिसत नाही.

तात्यांची 146 पैकी 144 गाणी आता घाट उतरून साखरप्यापर्यंत वाजतात. उरलेली दोन फिकी आहेत, ॲपवरूनच गेलेली. ती मी यादीतून काढू का म्हणून विचारलं होतं. “ऱ्हाऊ दे,” म्हणाले, “आली परत तर?”